डेकमध्ये फोम घालावा का? सँडविच पॅनलचा हिशेब आणि तो कुठे बिघडतो

प्रश्न: रत्नागिरीजवळ आमचा एफआरपी बोटींचा कारखाना आहे. हँड लेअप, पॉलिएस्टर रेझिन. सध्या डेक 8 मिमी भरीव लॅमिनेटचा करतो, तरी माणूस चालला की झोल जाणवतो आणि खालून रिब्ज वाढवाव्या लागतात. एका गिऱ्हाइकाने फोम सँडविच करायला सांगितले आहे. खरेच किती फरक पडतो? फोम घ्यावा की हनीकोंब? आणि काही बोटींत वर्षभरात स्किन सुटलेली पाहिली आहे, ते का होते?

उत्तर:

डेकला जरूर करा, पण बोटीच्या तळाला हात लावू नका. कोअर, म्हणजे दोन स्किनमधला गाभा, 20 मिमी जाडीचा, 80 डेन्सिटीचा म्हणजे घनमीटरला 80 किलोचा क्रॉसलिंक्ड पीव्हीसी फोम घ्या. तुमच्या पद्धतीच्या कामाला हनीकोंब नको. कारणे पुढे येतीलच. पण आधी आकडे पाहू, कारण सँडविचबद्दल निम्मे गैरसमज "फोममुळे ताकद येते" या एका वाक्यातून सुरू होतात.

फोम स्वतः जवळजवळ काहीच ताकद देत नाही. पॅनल वाकते तेव्हा वरची स्किन दाबली जाते आणि खालची ताणली जाते. या दोन स्किन एकमेकींपासून जितक्या लांब, तितका वाकायला विरोध जास्त, आणि तोही अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात. आय सेक्शनच्या गर्डरमध्ये वरखालच्या फ्लँजचे जे काम तेच स्किनचे, आणि मधल्या उभ्या पत्र्याचे जे काम तेच फोमचे. फोमने दोन्ही स्किन ठरलेल्या अंतरावर धरून ठेवायच्या आणि त्यांना एकमेकींवरून सरकू द्यायचे नाही. हे सरकू न देणे म्हणजेच शिअर. सँडविच कुठे बिघडते याची बहुतेक उत्तरे या एका कामात सापडतात.

तुमचाच डेक घेऊ. मॅट आणि रोव्हिंग मिसळून केलेल्या हँड लेअप लॅमिनेटचा मॉड्युलस, म्हणजे मालाचा कडकपणा, साधारण 10,000 MPa धरतो. नुसती मॅट असेल तर 7,000 च्या आसपास मिळेल. सँडविचमध्ये 2 मिमी स्किन, 20 मिमी फोम आणि पुन्हा 2 मिमी स्किन असे समजा. स्किनच्या मध्यापासून मध्यापर्यंतचे अंतर मग 22 मिमी होते. दर 1 मिमी रुंदीचा हिशेब पुढे आहे. त्यात D म्हणजे वाकण्याला होणारा विरोध, E म्हणजे मॉड्युलस, t म्हणजे भरीव लॅमिनेटची किंवा एका स्किनची जाडी आणि d म्हणजे हे 22 मिमी अंतर:

```
भरीव 8 मिमी :  D = E·t³/12   = 10000 × 512 / 12     ≈ 4,27,000 N·mm
सँडविच       :  D = E·t·d²/2  = 10000 × 2 × 22² / 2  ≈ 48,40,000 N·mm
```

म्हणजे वाकण्याला होणारा विरोध 11 पटींहून जास्त वाढला, आणि काच व रेझिन मात्र निम्मे लागले. वजनात गिऱ्हाइकाला निम्म्याचे आश्वासन देऊ नका. 8 मिमी भरीव लॅमिनेट चौरस मीटरला सुमारे 12 किलो भरते. दोन स्किनचे मिळून 6 किलो आणि फोमचे 1.6 किलो. शिवाय फोमच्या उघड्या पेशींत आणि चिकटवायच्या थरात दोन्ही बाजूंचे मिळून किलोभर रेझिन सहज जाते, आणि हा किलो कागदावर कुणी धरत नाही. हाती येते ते साधारण साडेआठ किलो, म्हणजे बचत तिसऱ्या हिश्श्याच्या जरा खाली. कापे मारलेला फोम वापरून ते कापे पेस्टने भरलेत तर बचत आणखी कमी होते.

आता झोल किती कमी होतो ते पाहू. रिब्जमधले अंतर 600 मिमी आणि डेकवर चौरस मीटरला 500 किलो, म्हणजे 5 kPa, समान भार धरा. बर्फाचे आणि मासळीचे क्रेट रचल्यावर हा आकडा फार मोठा वाटणार नाही. रिबवर पॅनल नुसते टेकले आहे असे धरून भरीव लॅमिनेटचा मधला झोल जवळपास 20 मिमी येतो. प्रत्यक्षात कडा बांधलेल्या असल्याने तो कमी दिसेल, पण तुलनेला हेच गृहीत दोन्हीकडे ठेवतो. सँडविचमध्ये स्किनच्या वाकण्यामुळे 1.74 मिमी येतो. त्यात फोम शिअरने तिरपा होतो त्याचे 0.34 मिमी मिळवायचे, कारण 80 डेन्सिटीच्या पीव्हीसी फोमचा शिअर मॉड्युलस फक्त 27 MPa असतो. एकूण 2.1 मिमी. सूत्रात 11 पट दिसले तरी पायाखाली साडेनऊ पटच जाणवते. रिब्जमधले अंतर जितके कमी, तितका हा शिअरचा वाटा मोठा होत जातो. 300 मिमी अंतरावर रिब्ज ठेवून वर सँडविच करणे म्हणजे एकाच कामाचे दोनदा पैसे देणे. सँडविच करणार असाल तर मधल्या रिब्ज काढा, कारण खरी बचत तिथे आहे.

इथेच स्वस्त फोमचा मोह होतो. बाजारात मिळणारा 40 डेन्सिटीचा पीयू फोम, म्हणजे कोल्ड स्टोरेजच्या भिंतीत असतो तो, 3 ते 4 MPa एवढाच शिअर मॉड्युलस देतो. वरच्याच पॅनलमध्ये तो घातला तर स्किनचे 1.74 मिमी तसेच राहतात, पण शिअरचे 2.7 मिमी होतात. एकूण झोल दुपटीहून जास्त, आणि त्यातला मोठा भाग एकट्या फोमचा. शिवाय तो फोम ठिसूळ असतो. वारंवार पाय पडला की स्किनच्या लगत त्याची पूड होते, आणि मग पॅनल आतून सुटे होऊनही वरून शाबूत दिसते. थर्माकोल तर पॉलिएस्टरच्या कामात आणूच नका. रेझिनमधल्या स्टायरीनने तो डोळ्यांदेखत विरघळतो. थर्माकोलला एपॉक्सी चालते, पण त्याचा शिअर मॉड्युलसही याच तोकड्या पंगतीतला.

## डेकवर आधी काय फुटते

समान भाराने तुमचा डेक फुटणार नाही. वरच्या उदाहरणात स्किनवरचा ताण 5 MPa च्या आसपास आणि फोममधला शिअर 0.07 MPa आहे. या फोमची शिअर ताकद 1.15 MPa, म्हणजे सोळा-सतरा पट. स्किनलाही भरपूर वाव आहे. मग बोटी नादुरुस्त का होतात? कारण डेकवर भार समान कधी नसतोच. तो बोल्टखाली, क्लीटखाली, नांगराच्या टोकाखाली एकवटलेला असतो.

सगळ्यांत नेहमीचे उदाहरण बोल्टचे. एम8 चा बोल्ट 10 न्यूटन-मीटरने आवळा, साध्या पान्याने हात एवढे सहज देतो. बोल्टमध्ये सुमारे 6,000 न्यूटनचा ओढा येतो. 24 मिमीच्या वॉशरखाली तो 15-16 MPa दाब होतो. फोमची दाब सोसण्याची ताकद आहे 1.4 MPa. स्किन हा दाब थोडा पसरवते हे मान्य, पण 60 मिमी व्यासाच्या वर्तुळावर तो पसरला असे उदारपणे धरले तरी 2 MPa च्या वरच राहतो. फोम चेपतो, स्किन वाटीसारखी खाली बसते, आणि बोल्ट ढिला लागतो. पुढे काय होते ते तुम्हाला ठाऊक आहे: कुणीतरी पुन्हा आवळतो, फोम आणखी चेपतो, वाटीत पाणी साचते आणि भोकातून आत उतरते.

म्हणून ज्या ज्या ठिकाणी बोल्ट यायचा, तिथे फोम नको. रेलिंग, क्लीट, विंच, हॅच, खांब या सगळ्यांच्या जागा लॅमिनेशनच्या आधी साच्यावर खडूने आखा. तेवढ्या भागात भरीव लॅमिनेट, नाहीतर 200 डेन्सिटीचा फोम घाला, आणि मोठ्या क्लीटखाली आतून धातूची बॅकिंग प्लेट द्या. प्लायवूडचा तुकडा घालणारे पुष्कळ आहेत. तो चालतो, पण चारही कडा रेझिनने बंद केल्या तरच, आणि पुढे भोक पाडताना ती सील पुन्हा फुटते हे कुणाच्या लक्षात राहत नाही. बोट झाल्यावर गिऱ्हाइकाने नवीन काही बसवायला सांगितले तर एम8 साठी वरच्या स्किनला आणि फोमला 20 मिमीचे भोक पाडा, खालची स्किन तशीच ठेवा. भोकाच्या कडेचा फोम आतून थोडा कोरा, त्यात एपॉक्सी आणि फिलरची पुट्टी भरा, ती पक्की झाली की मध्ये 8.5 मिमीचे भोक आरपार घ्या. या कामाला अर्धा दिवस जातो. तो वाचवला की चेपलेला फोम आणि आत उतरलेले पाणी ठरलेले.

पॅनलच्या कडेलाही तेच. 20 मिमी फोम जिथे संपतो तिथे तो उभा कापून सोडू नका. 60 मिमी लांबीचा उतार द्या आणि वरखालच्या स्किन एकत्र आणून कडेला भरीव पट्टी करा. डेक आणि हल जिथे जोडायचे ते स्क्रू किंवा बोल्ट या भरीव पट्टीतच यावेत. उभ्या कापलेल्या कडेवर आतली स्किन अचानक वळते, तिथे मॅट उचलली जाते आणि मागे हवेची पोकळी राहते. हलवून पाहिले तर दिसत नाही, पण फोम सुटायला सुरुवात बहुतेक वेळा इथूनच होते.

वरच्या स्किनसाठी मी 2 ऐवजी 3 मिमी घेईन. कडकपणासाठी त्याची गरज नाही, पण मासेमारीच्या बोटीवर नांगर, लोखंडी हूक, भरलेले क्रेट हे सगळे डेकवर आदळते. पातळ स्किनवर आघात झाला की वर बारीक चांदणीसारखी भेग दिसते आणि खाली फोम चेपून वाटीएवढी पोकळी होते. खालची स्किन 2 मिमी पुरे.

## स्किन सुटते ती का

तुम्ही पाहिलेल्या बोटींबद्दल मला खात्रीने सांगता येणार नाही, पण सुटलेला तुकडा हातात आला तर कारण बहुधा एका नजरेत कळते. स्किन उपटल्यावर तिच्या मागे फोमचा थर चिकटून आला असेल, म्हणजे फोम फाटला असेल, तर चिकटवण चांगली होती आणि भार जास्त झाला. स्किन मागून स्वच्छ, गुळगुळीत निघाली आणि फोमवर कापण्याच्या करवतीच्या रेघा तशाच दिसत असतील, तर ती कधी चिकटलीच नव्हती. कारखान्यातून आलेल्या बोटींत दुसरा प्रकार जास्त आढळतो.

कारणे साधी असतात. फोम कापल्यावर वरची पिवळी पूड झटकली नाही. पहिली स्किन पूर्ण वाळून मेणचट झाली, तिच्यावर सँडिंग न करता फोम बसवला. मॅट कोरडी होती आणि फोमने उरलेले रेझिन ओढून घेतले. सर्वांत वाईट म्हणजे मोठी शीट एकदम दाबून बसवली, मधली हवा बाहेर पडायला जागा नव्हती, आणि कडा चिकटल्या पण मध्ये ताटाएवढा फुगा राहिला.

काम असे करा. फोमच्या शीटला दर 50 मिमीवर 3 मिमीची भोके असलेला प्रकार मागवा, किंवा स्वतः पाडा. दोन्ही बाजू व्हॅक्यूम क्लीनरने साफ करा. जी बाजू बसवायची तिला रोलरने रेझिनचा पातळ हात मारा, म्हणजे उघड्या पेशी आधीच भरतील आणि मॅटमधले रेझिन ओढले जाणार नाही. साच्यातल्या स्किनवर 450 ग्रॅमची मॅट भरपूर ओली करा, किंवा कोअर बसवायची पेस्ट दातेरी पत्र्याने सारखी पसरा. मग शीट एका कडेने टेकवत, हळूहळू पुढे दाबत बसवा. आता भोकांकडे बघा. प्रत्येक भोकातून रेझिनचा थेंब वर यायला हवा. जिथे थेंब नाही तिथे खाली हवा आहे, आणि ती आत्ताच काढता येते, उद्या नाही. जमत असेल तर व्हॅक्यूम बॅग लावा. ती नसेल तर वाळूच्या पिशव्या एकमेकींना चिकटवून ठेवा, मध्ये अंतर ठेवू नका.

वळणदार जागेसाठी चौकोनी कापे मारलेला, मागे जाळी असलेला फोम मिळतो. तो वळवला की कापे उघडतात. ते पेस्टने भरले नाहीत तर पुढे पाण्यासाठी आतल्या आत नळांचे जाळे तयार होते. पीव्हीसी फोम स्वतः फारसे पाणी पीत नाही, पण कापे रिकामे असतील तर पुढच्या क्लीटच्या भोकातून शिरलेले पाणी मागच्या केबिनपाशी निघते. ते कुठून आले हे शोधता शोधता माणूस वैतागतो.

रंगाची एक गोष्ट. डेक गडद निळा किंवा हिरवा करू नका. मे महिन्यात दुपारी गडद पृष्ठभाग सहज 70 अंशांपर्यंत तापतो. साधा पीव्हीसी फोम त्या तापमानाला मऊ पडू लागतो, आणि चिकटवणीत अडकलेली हवा फुगते. सकाळी सपाट दिसणारा डेक दुपारी फुगे दाखवतो तो असा. पांढरा किंवा फिकट राखाडी ठेवा.

तपासायला नाणे पुरते. पाच रुपयांचे नाणे किंवा हलकी हातोडी घेऊन डेकवर 50 मिमीच्या चौकटीत टकटक करत जा. चिकटलेल्या जागी आवाज टणक येतो, सुटलेल्या जागी बोदा. जिथे बोदा तिथे खडूने सीमा आखा आणि तारीख लिहा. सहा महिन्यांनी पुन्हा तपासून सीमा वाढली का ते बघा. भरीव पट्टी, रिबची जागा आणि फोमची जागा यांचे आवाज वेगवेगळे असतात, म्हणून पहिल्या दिवशी, नव्या डेकवर, स्वतःच्या कानाला सवय लावून घ्या. आतली, साच्याच्या बाजूला नसलेली स्किनही वाजवून बघा. ती बऱ्याचदा विसरली जाते.

## तळाला का नको

तळावर लाट आपटते तेव्हा भार क्षणात येतो आणि क्षणात जातो, तोही दिवसात हजारो वेळा. तिथे पॅनलच्या कडेजवळ फोममध्ये शिअरची भेग पडते. ही भेग ओळखीची असते: फोममधून साधारण 45 अंशांत तिरपी जाते, आणि स्किनला पोचली की वळून तिच्या लगत पुढे धावते. म्हणजे शिअरने सुरू झालेले नुकसान स्किन सुटण्यात संपते, आणि नंतर पाहणाऱ्याला वाटते की चिकटवणच वाईट होती. वेगवान बोटींचे तळ सँडविचमध्ये करतात, पण तिथे जास्त डेन्सिटीचा, जास्त ताणणारा फोम आणि काटेकोर हिशेब लागतो. कोकणात बोट वाळूवर ओढली जाते, तळ घासला जातो, भोक पडले तर पाणी थेट कोअरमध्ये. त्या 30-40 किलो बचतीसाठी ही जोखीम मी घेणार नाही. तळ भरीवच ठेवा.

## हनीकोंब का नको

हनीकोंब वाईट आहे म्हणून नव्हे. वजनाच्या मानाने ते फोमपेक्षा सरस असते, म्हणूनच विमानांत आणि उपग्रहांत जाते. पण ते उभ्या पातळ भिंतींचे असते, आणि स्किन फक्त त्या भिंतींच्या धारेवर चिकटते. तिथे फिल्मच्या स्वरूपातला चिकट थर तापवून वितळवतात, तो धारेच्या दोन्ही अंगांनी चढून बारीक कोपरा धरतो, आणि जोडाची सगळी ताकद त्या कोपऱ्यात असते. ओले पॉलिएस्टर रेझिन घातले तर एकतर ते पेशींत उतरून वजन वाढवते, किंवा धारा कोरड्या राहतात. शिवाय हनीकोंबला दिशा असते: पट्ट्या ज्या दिशेने धावतात त्या दिशेने शिअर मॉड्युलस आडव्या दिशेच्या दीड ते दोन पट असतो. शीट 90 अंशांत फिरवून बसवली तर हिशेब बिघडतो, आणि बाहेरून काहीच दिसत नाही. ॲल्युमिनियमचे हनीकोंब खाऱ्या हवेत गंजते, कार्बनच्या स्किनशी संपर्क आला तर फार लवकर.

सांभाळून केलेल्या कामातही हा जोड किती नाजूक राहतो याचे एक उदाहरण सार्वजनिक नोंदींत आहे. 6 मार्च 2005 रोजी क्युबातल्या व्हाराडेरोहून क्युबेककडे निघालेल्या एअर ट्रान्सॅटच्या एअरबस ए310 विमानाचा रडर उड्डाणात जवळजवळ पूर्ण तुटून गेला. तो कार्बन स्किन आणि नोमेक्स हनीकोंबचा सँडविच होता. वैमानिकांनी विमान सुखरूप परत उतरवले. कॅनडाच्या तपास मंडळाला मूळ कारण पक्के ठरवता आले नाही, पण आधीपासून असलेली सुटलेली जागा किंवा कोअरची भेग वाढत गेली असावी असा निष्कर्ष निघाला. त्या काळी अशा रडरची तपासणी मुख्यतः नजरेने आणि टकटक करून होत असे, आणि तेवढ्याने असे दोष वेळेत सापडतीलच असे नाही हेही पुढे आले. नाण्यावर मी वर भर दिला आहे, त्याची ही मर्यादा: स्किनखाली लगत सुटलेले नाण्याला कळते, फोमच्या पोटातली भेग बहुतेक वेळा कळत नाही.

तुमच्या हँड लेअपला चालणारे एकच हनीकोंब आहे, ते पॉलिप्रोपिलीनचे, ज्याच्या दोन्ही बाजूंना कापडासारखा थर लावलेला येतो. केबिनचे पार्टिशन किंवा बाकाचे झाकण अशा कामाला ते स्वस्त आणि ठीक आहे. पण त्याचा शिअर मॉड्युलस त्याच डेन्सिटीच्या पीव्हीसी फोमच्या निम्म्याहूनही कमी असतो, म्हणून चालायच्या डेकला नको.

## पहिल्या डेकआधी एक पट्टी तोडा

नवीन पद्धत सुरू करताना गिऱ्हाइकाच्या बोटीवर प्रयोग करण्यापेक्षा त्याच माणसांकडून, त्याच रेझिनने, एक मीटरचे पॅनल करून घ्या. त्यातून 60 मिमी रुंदीच्या पट्ट्या कापा. एक पट्टी 500 मिमी अंतरावरच्या दोन पाइपांवर ठेवा, मध्ये 20 किलो लटकवा, आणि डायल गेजने झोल मोजा. 2/20/2 च्या पॅनलला तो सुमारे 2.4 मिमी यायला हवा, त्यात 1.75 स्किनचा आणि 0.6 फोमचा. 8 मिमी भरीव पट्टी याच भाराखाली 20 मिमी वाकेल. सँडविचचा आकडा साडेतीन-चारच्या वर गेला तर स्किन ठरल्यापेक्षा पातळ झाली आहे, फोम वेगळा आला आहे, किंवा चिकटवण अर्धवट आहे.

दुसरी पट्टी फक्त 250 मिमी अंतरावर ठेवून हायड्रॉलिक जॅकने तोडा. मध्ये 50 मिमी रुंदीचा लाकडी ठोकळा आणि त्याखाली रबर ठेवा, नाहीतर स्किन ठोकळ्याखालीच चेपेल आणि भलतेच काहीतरी मोजले जाईल. अंतर मुद्दाम कमी ठेवायचे, म्हणजे स्किन फुटण्याआधी फोम शिअरने फुटेल. 300 किलोंच्या आसपास फोममध्ये तिरपी भेग पडली तर काम बरोबर आहे. 100 किलोंतच स्किन सरकून स्वच्छ निघाली तर कारागिरांबरोबर बसून चिकटवण्याची पद्धत पुन्हा बघा.

आता ज्या बोटींची स्किन आधीच सुटली आहे त्यांचे. सुटलेली जागा तळहाताएवढी आणि कोरडी असेल तर 5 मिमीची भोके पाडून एपॉक्सी आत भरता येते: एका भोकातून सिरिंजने भरा, शेजारच्यातून बाहेर आली की थांबा, वर वजन ठेवा. पण आत पाणी असेल किंवा फोमची पूड झाली असेल तर भरलेले एपॉक्सी त्या पुडीलाच चिकटते आणि महिन्याभरात आवाज पुन्हा बोदा येतो. तिथे स्किन कापून काढावी लागते, खराब फोम बदलावा लागतो, आणि नव्या स्किनचा जोड जुन्या स्किनवर तिच्या जाडीच्या निदान 12 पट लांबीचा उतार घासून घ्यावा लागतो. 3 मिमी स्किनला म्हणजे साधारण 36 मिमी, चारही बाजूंनी.